पावसाळ्यातली कुंडी श्वास कशी घेते

जुलैच्या मध्यावर बाल्कनीतल्या मोगऱ्याची पानं मलूल पडतात. पाऊस रोज आहे, माती ओली आहे, आणि तरीही झाड मे महिन्यात तहानल्यावर दिसावं तसं मान टाकून उभं असतं. अशा वेळी पाण्याच्या मगाकडे हात जातो आणि झाड आठवडाभरात संपतं. पानं गळाली ती पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, मुळांना हवा मिळाली नाही म्हणून. पावसाळ्यातल्या बागेचं बरंचसं शहाणपण या एका गोष्टीभोवती फिरतं. माती कशी कालवायची, कोणतं झाड कुठे ठेवायचं आणि पाणी कधी घालायचं, हे सगळं त्यातूनच ठरतं.

मुळं पाणी ओढतात ते फुकट ओढत नाहीत. त्यासाठी त्यांना शक्ती लागते आणि ती शक्ती तयार करायला प्राणवायू लागतो. हा प्राणवायू मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की तो जवळजवळ थांबतोच, कारण हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. दोन-चार दिवस असे गेले की बारीक मुळं मरू लागतात, मेलेल्या मुळांवर कुजवणारी बुरशी बसते आणि ती पुढे जिवंत मुळांत शिरते. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने वाळतं, ते असं.

शेतात हे इतक्या लवकर होत नाही, कारण जमिनीला खोली असते. वरचं पाणी खालची माती ओढून घेते. कुंडीची माती मात्र बुडाशी संपते आणि खाली फक्त हवा असते. तिथे पाणी लगेच टपकत नाही, मातीला धरून राहतं. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. पाणी गळून थांबलं की तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा बरंच पाणी गळेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची बदलली. कुंडीतही बुडाशी असाच एक चिंब थर कायम राहतो. त्याची जाडी कुंडी किती उंच आहे यावर ठरत नाही, माती किती बारीक आहे यावर ठरते. बारीक मातीत तो तीन-चार इंचांचाही असू शकतो. म्हणून पसरट, उथळ कुंडी पावसाळ्यात सगळ्यात धोक्याची. तिची निम्मी माती या थरातच असते. उंच कुंडीत तेवढाच थर बुडाशी राहतो आणि वरच्या मुळांना हवा मिळते.

आता या कुंडीत पाऊस येतो किती, ते पाहू. बाल्कनी म्हणजे अंगण नव्हे. वर स्लॅब असतो, तीन बाजूंना भिंती असतात आणि पाऊस तिरपा येतो. कोकण किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून असतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कन्या झोडपल्या जातात. पूर्वेच्या बाल्कनीत मात्र बाहेर धो धो कोसळत असतानाही कुंड्या कोरड्या राहू शकतात. सप्टेंबरच्या अखेरीस हे उलटतं. हस्ताचा गडगडाटी पाऊस संध्याकाळी डोंगराकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो, आणि तोवर कोरड्या असलेल्या बाल्कन्या तासाभरात भिजून निघतात.

उदाहरणासाठी ठाण्यातली सातव्या मजल्यावरची पश्चिमेची बाल्कनी घेऊ. दहा फूट लांब, चार फूट रुंद, वर स्लॅब. एकाच मापाचे तीन सरळ उभ्या बाजूंचे डबे घ्यायचे. एक कठड्याला लागून ठेवायचा, दुसरा दोन फूट आत आणि तिसरा भिंतीशी. रात्रभराच्या पावसानंतर सकाळी पट्टी बुडवून पाहायचं. समजा, कठड्याजवळ चार सेंटिमीटर पाणी भरलं, मधल्या डब्यात एक सेंटिमीटर आणि भिंतीजवळच्या डब्याचा फक्त तळ ओला झाला. दहा इंच तोंडाच्या कुंडीत एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. म्हणजे कठड्यावरच्या कुंडीला एका रात्रीत दोन लिटर मिळाले, मधल्या कुंडीला अर्धा लिटर आणि भिंतीलगतच्या कुंडीला काहीच नाही. ढगाळ, दमट दिवसांत अशा कुंडीतलं मध्यम वाढीचं झाड दिवसाला अंदाजे पाव लिटर पाणी वापरतं. त्या हिशेबाने कठड्यावरच्या झाडाला एका रात्रीत आठवड्याचं पाणी मिळालं, मधल्याला दोन दिवसांचं, आणि भिंतीजवळचं झाड भर पावसात तहानलेलं राहिलं.

हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या पावसाला मुसळधार म्हणतं. उघड्यावरच्या दहा इंची कुंडीत त्या दिवशी तीन लिटरहून जास्त पाणी पडतं. कुंडीत सगळी मिळून आठ-नऊ लिटर माती असते. इतकं पाणी एका दिवसात वाहून जायला वाट हवी, आणि ती मातीतच असावी लागते.

म्हणून माती. मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, कठड्यावरच्या कुंड्या रिकाम्या करून नव्या मिश्रणाने भरणं हे वर्षातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. नर्सरीतून आणलेल्या रोपाची तयार माती बहुतेकदा लाल मातीचा गाळ असते. पहिल्या जोरदार सरीनंतर ती दबून घट्ट होते. घाटावरची काळी माती तर कुंडीसाठी नकोच. ती पाणी पिऊन फुगते, पोकळ्या बंद करते, आणि उघडीप पडली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं.

दहा इंची कुंडीसाठी एक लिटरच्या मगाने आठ मग मिश्रण लागतं. कठड्याच्या ओळीसाठी तीन मग चाळलेली लाल माती, दोन मग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं, मातकट वासाचं शेणखत, दोन मग विटांचे तुकडे आणि एक मग भाताचं तूस. विटांचे तुकडे हरभऱ्यापासून चिंचोक्याएवढे असावेत. वीट फोडली की बारीक पूडही पडते. ती चाळून टाकायची आणि तुकडे धुऊन घ्यायचे, नाहीतर तीच पूड पोकळ्यांत बसते. विटेऐवजी लाकडी कोळशाचे तुकडे चालतात. परलाईटही चालतं, पण ते हलकं असल्यामुळे मोठ्या पावसात वर येऊन तरंगतं आणि वाहून जातं. त्यापेक्षा वीट बरी. वर मूठभर निंबोळी पेंड मिसळायची.

वाळूबद्दल एक समज सगळीकडे आहे की वाळू घातली की पाणी निचरतं. जाड, ज्वारीच्या दाण्याएवढी वाळू असेल तर हे खरं. बांधकामावरची बारीक रेती मात्र मातीच्या कणांमधल्या जागा भरते आणि मिश्रण आणखी घट्ट करते. कोकोपीटचंही तसंच. उन्हाळ्यात ते वरदान, कारण आपल्या वजनाच्या कित्येकपट पाणी ते धरून ठेवतं. तोच गुण आषाढात कठड्यावर घात करतो. त्यामुळे कठड्याच्या ओळीत कोकोपीट नको. भिंतीलगतच्या ओळीत, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे मात्र तूस वगळून एक मग वीट आणि दोन मग कोकोपीट घ्यावं. एकाच बाल्कनीत दोन प्रकारची माती हे अवघड वाटेल, पण चार फुटांच्या रुंदीत दोन वेगळी हवामानं असतील तर मातीही दोन लागणारच.

खत ओंजळभर जास्त घालावंसं वाटतं. पावसाळ्यात तो मोह टाळावा. खत एक तृतीयांशाच्या पुढे गेलं की पावसात त्याचा चिखल होतो आणि ते दबून बसतं. ताजं शेण तर अजिबात नको. ओल्या, बंद मातीत ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतं.

मिश्रण भरून झालं की परीक्षा घ्यायची. कुंडी एकदा पूर्ण भिजवून अर्धा तास ठेवायची आणि मग एक लिटर पाणी सावकाश पण सलग ओतायचं. पाणी अर्ध्या मिनिटात मातीत शिरलं आणि मिनिटाभरात खालून वाहू लागलं तर काम झालं. वर तळं साचून राहिलं तर आणखी अर्धा-एक मग विटा मिसळायच्या. ही परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. जुलैत कळून उपयोग नाही, कारण रोप बसलेलं असतं.

बुडाशी दगडगोट्यांचा थर द्यायची पद्धत घरोघर आहे. उद्देश चांगला असला तरी त्याने उलटंच होतं. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांमध्ये सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते तिथेच थांबतं. म्हणजे तो चिंब थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. नऊ इंच उंचीच्या कुंडीत दोन इंच खडे घातले तर झाडाला सात इंचांचीच कुंडी उरते. भोकावर फक्त खापराचा एक वाकडा तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, माती वाहून जाऊ नये इतकंच त्याचं काम. प्लास्टिकच्या कुंडीला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं हवीत. त्याशिवाय बुडापासून अर्ध्या इंचावर बाजूला दोन-तीन भोकं पाडली तर फारच चांगलं. सपाट फरशीवर ठेवलेल्या कुंडीची भोकं फरशीला चिकटून बंद होतात, म्हणून खाली विटांचे दोन तुकडे देऊन ती उचलून ठेवायची. कुंडीखालच्या बशा जून ते सप्टेंबर काढूनच ठेवाव्यात. त्यांत साचलेलं पाणी कुंडी पुन्हा वर ओढते, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला असंच स्वच्छ साचलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता झाडं. पावसाळ्यासाठी झाडांच्या याद्या खूप मिळतात, पण त्यांत अळू आणि हळद शेजारीशेजारी असतात आणि दोघांना सारखंच वागवलं जातं. मी झाडं निवडते ती त्यांची मुळं श्वास कसा घेतात हे पाहून.

काही झाडं स्वतःची हवा स्वतः खाली नेतात. अळूचं देठ आडवं कापून पाहिलं तर आत बारीक पोकळ्या दिसतात. त्यांतून पानांकडची हवा मुळांपर्यंत जाते, म्हणूनच ओहोळाच्या काठी आणि मोरीच्या पाण्यावर अळू माजतं. कठड्यावर, जिथे पाऊस सगळ्यात जास्त, तिथे पहिला मान अळूचा. बारा इंची कुंडीत एक कंद चार बोटं खोल लावला की वडीची पानं श्रावणात मिळू लागतात. एका वेळी दोन-तीन पानंच काढावीत, मधली नवी सुरळी राखावी. त्याच्या शेजारी सोनटक्का. त्यालाही ओलीत राहायला आवडतं. मात्र त्याला चौदा इंची कुंडी द्यावी, कारण त्याचे कंद आडवे पसरतात. ऑगस्टनंतर संध्याकाळी तो फुलला की सगळी बाल्कनी घमघमते. कर्दळही याच ओळीतली.

दुसऱ्या गटातल्या झाडांना पाणी भरपूर हवं, पण साचलेलं नको. हळद, आलं, तेरडा, मायाळू, गवती चहा, पानओवा, मिरची यांत येतात. पाऊस म्हणजे हळदीचा मोसम, हे खरं. तरीही हळद-आल्याचे कंद साचलेल्या पाण्यात कुजतात. शेतकरी हळद-आलं गादीवाफ्यावर लावतो, ते पाणी कंदाजवळ थांबू नये म्हणून. बाल्कनीत गादीवाफा नसतो, म्हणून यांची जागा मधल्या ओळीत, आणि कुंडी खोल. आल्याचं खोड बुडाशी पिवळं, मऊ पडलं आणि हलक्या हाताने ओढल्यावर सहज निघून आलं तर कंदकूज लागली असं समजावं. ती कुंडी बाकीच्यांपासून दूर करावी आणि तिची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

तेरड्यासाठी मी थोडी जास्त जागा राखते. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो, आणि एकेका फुलापुरतं ते खरंही आहे, पण झाड महिना-दीड महिना नवी फुलं देत राहतं. मृगात बी थेट कुंडीत टाकलं की आठवड्याभरात उगवतं आणि दोन महिन्यांच्या आत फुलायला लागतं. त्यामुळे गौरी-गणपतीला तो हमखास फुललेला असतो. अनेक घरांत गौर म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात, हे त्याच्या या वेळापत्रकाशी जुळणारंच आहे. दहा इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. त्याचं खोड पाण्याने भरलेलं, काचेसारखं असतं. खताचा ढीग किंवा पालापाचोळा खोडाला लागून राहिला तर जमिनीलगत ते काळं पडतं आणि झाड एका रात्रीत आडवं होतं. म्हणून खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवायची. गुलाबासारखी भरगच्च फुलं येणाऱ्या जातीपेक्षा साधा, एकेरी पाकळ्यांचा गावठी तेरडा मला जास्त भरवशाचा वाटतो. भरगच्च फुलात पाणी थांबतं, फूल सडतं आणि फांदी वजनाने लवते.

मायाळूला कठड्याच्या जवळ, पण जाळीवर चढायला मिळेल अशी जागा द्यावी. पालेभाजी म्हणून पावसाळ्यात बाल्कनीत ही सगळ्यात सोपी. याच दिवसांत पेरलेली कोथिंबीर आणि पालक मात्र निराश करतात. उगवलेलं रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतं, कारण ओल्या मातीतली बुरशी कोवळ्या खोडाला लगेच धरते. त्यांच्यासाठी हस्त संपेपर्यंत थांबावं.

तिसरा गट पावसाळा कोरड्यात काढणाऱ्यांचा. कोरफड, जेड, अडेनियम, सापासारख्या पट्ट्यांचं स्नेक प्लांट ही स्वतःच्या अंगात पाणी साठवणारी झाडं आहेत. त्यांची जागा भिंतीलगत, थेंबही पोचणार नाही अशी. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे पाणी न घालता ती सुखाने राहतात. तुळशीला मी या भिंतीलगतच्या आणि मधल्या ओळीच्या सीमेवर ठेवते, जिथे सकाळचा उजेड मिळतो पण मुसळधार मारा लागत नाही. सतत भिजलेल्या तुळशीची पानं काळी पडून गळतात आणि फांद्या टोकाकडून सुकत येतात.

पाणी घालण्यातली पहिली चूक म्हणजे सवय. सकाळी चहाच्या आधी सगळ्या कुंड्यांना एकेक मग, हा उन्हाळ्यातला नेम पावसातही चालू राहतो. दुसरी चूक याच्या बरोब्बर उलट. पहिल्या पावसाबरोबर झारी माळ्यावर जाते आणि भिंतीलगतचा मनीप्लांट किंवा कढीपत्ता आषाढात सुकतो. घरच्यांना वाटतं रोग पडला. खरं तर त्याला पंधरा दिवस पाणीच मिळालेलं नसतं. दोन्ही चुकांवर उपाय एकच, कुंडीला विचारणं. अगरबत्तीची वापरून उरलेली काडी किंवा बांबूची काडी मातीत चार इंच खुपसायची, पाच मिनिटांनी बाहेर काढायची. काडी ओली आणि माती चिकटलेली असेल तर पाणी नको. काडी कोरडी निघाली तर हवं. कुंडी किंचित उचलून वजनाचा अंदाज घेणं त्याहून चांगलं, कारण हात लवकर शिकतो. भिजलेली आणि सुकलेली दहा इंची कुंडी यांत दोन-तीन किलोंचा फरक असतो.

नुसती वरची माती पाहून ठरवू नये, असं सांगायला एक वेगळंच कारण आहे. पानांनी भरलेल्या झाडाचा वरचा घेर छत्रीसारखं काम करतो आणि पाऊस कुंडीच्या बाहेर ओघळतो. शिवाय कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. वरचा अर्धा इंच ओला दिसतो, खालून पाणीही वाहतं, पण ते कुंडीच्या कडेने गेलेलं असतं. मधला मुळांचा गोळा कोरडाच. अशी कुंडी उचलून हलकी लागते. तिला बादलीभर पाण्यात काठापर्यंत वीस मिनिटं ठेवायचं, बुडबुडे थांबले की काढून निथळायचं.

आतल्या ओळीला पाणी घालायचं तेव्हा रोज पेलाभर घालू नये. थोडं पाणी वरची माती कायम ओली ठेवतं, शेवाळ वाढवतं आणि खाली पोचत नाही. काडी कोरडी निघाली की त्या दिवशी सावकाश, खालून चार थेंब गळेपर्यंत घालावं आणि मग काडी पुन्हा कोरडी होईपर्यंत विसरावं. वेळ सकाळची. संध्याकाळी ओली झालेली पानं दमट हवेत रात्रभर वाळत नाहीत आणि बुरशीला वाव मिळतो.

पिवळ्या पानांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. कठड्याच्या ओळीत पाऊस नत्र धुऊन नेतो. तेव्हा सगळ्यात खालची, जुनी पानं एकसारखी पिवळी होतात, पण झाड ताठ असतं. तिथे उघडीप पाहून दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत मातीवर पसरलं की महिन्याभरात नवी पानं हिरवी येतात. मुळं गुदमरलेलं झाड वेगळं दिसतं. पानं नवी-जुनी दोन्ही मलूल, संध्याकाळी गारव्यातही ती सावरत नाहीत, आणि भोकाजवळ नाक नेलं तर आंबट, नासलेला वास येतो. इथे खत घातलं तर झाड आणखी लवकर जातं.

अशा झाडासाठी पहिलं काम कुंडी आडवी-तिरपी करणं. विटेला टेकवून ती ४५ अंशांत तासभर कलती ठेवली की मातीचा स्तंभ उंच होतो आणि स्पंजासारखंच बुडाशी अडकलेलं पाणी गळून जातं. दुसरं, एक जाड सुती नाडी भिजवून बुडाच्या भोकातून तीन-चार इंच आत सारायची आणि बाकीची अर्धा फूट खाली लोंबू द्यायची. कुंडी त्यासाठी तेवढी उंच ठेवावी लागते. नाडी तो चिंब थर हळूहळू ओढून काढते. पावसाच्या मध्यावर माती बदलणं शक्य नसतं तेव्हा याच्याइतका स्वस्त इलाज दुसरा नाही. दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर झाड काढून मुळं पाहावीत. पांढरी, टणक मुळं जिवंत. तपकिरी, आणि चिमटीत ओढल्यावर वरची साल सुटून आत दोऱ्यासारखं काही उरतं, ती मेलेली. ती कापून टाकायची, तितक्याच प्रमाणात फांद्याही छाटायच्या, आणि झाड एक माप लहान कुंडीत, विटा जास्त असलेल्या मिश्रणात लावून भिंतीलगत उजेडात ठेवायचं. अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाड वाचेलच याची खात्री नाही. तेव्हा वरच्या निरोगी फांदीची काडी कापून लावणं जास्त भरवशाचं.

पुण्यात किंवा घाटावर पावसाचं प्रमाण कोकण किनाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं किंवा त्याहूनही कमी असतं, भुरभुर जास्त आणि वारा सुका. तिथे कठड्याच्या ओळीतही एक मग कोकोपीट घालायला हरकत नाही. श्रावणातल्या मोठ्या उघडिपीत मधल्या ओळीला तर नक्कीच पाणी लागेल. डब्यांचा प्रयोग तिथेही करावा, कारण एकाच इमारतीत दुसऱ्या आणि दहाव्या मजल्यावर उत्तर वेगळं येतं.

सगळ्यात नाजूक दिवस पाऊस जातानाचे. चार महिने ओलाव्यात राहिलेल्या झाडाची मुळं वरच्या थरातच, थोडी आणि आळशी झालेली असतात. ऑक्टोबरचं ऊन एकदम पडलं की पानांचा खर्च वाढतो आणि मुळं पुरी पडत नाहीत. माती ओली असूनही दुपारी झाड मलूल दिसलं, आणि संध्याकाळी आपोआप ताठ झालं, तर पाणी घालू नये. तीन-चार दिवस त्याला दुपारच्या उन्हातून आत सरकवावं किंवा हिरव्या जाळीची सावली द्यावी. संध्याकाळीही सावरलं नाही तर काडी खुपसून पाहावी. हस्त संपला की कठड्याच्या ओळीत मातीवर बोटभर कोकोपीट किंवा वाळका पाला पसरायचा, आणि काडीची परीक्षा आठवड्यातून एकदाऐवजी दिवसाआड घ्यायची. अळूला आणि सोनटक्क्याला तेव्हा सगळ्यात आधी पाणी लागतं. हळदीला डिसेंबरपर्यंत नेहमीसारखं घालावं. तिची पानं पिवळी पडू लागली की पाणी बंद, आणि पानं पूर्ण वाळल्यावर कुंडी उलटी करून कंद काढावेत.